चेक देणारा समोर असतानाच चेक नीट बघा (आमच्या ग्राहकांसाठी माहिती)

"खाडाखोड आहे हो, पण बाजूला सही घेतलीये ना, मग काय प्रॉब्लेम?" हा प्रश्न आम्हाला इतक्या वेळा येतो की शेवटी लिहूनच काढायचं ठरवलं. तुमचे हिशोब ठेवणं आणि तुम्हाला आलेले चेक बँकेत भरणं हे आमचं रोजचं काम आहे, आणि चेक घेताना आमच्याकडची माणसं दोन मिनिटं तो उलटून पालटून बघतात तेव्हा काही जणांना राग येतो, आमच्यावर विश्वास नाही का असं वाटतं. तसं अजिबात नाहीये. चेक परत आला की दंड तुमच्या खात्यातून कटतो आणि वेळही तुमचाच जातो, म्हणून बघतो.

आधी सहीचंच सांगतो, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. पूर्वी रक्कम किंवा नाव चुकलं तर खोडून बाजूला पूर्ण सही केली की चालायचं. आता चेक सीटीएसमधून क्लिअर होतात, म्हणजे तुम्ही भरलेला कागद तुमच्याच बँकेत राहतो आणि समोरच्या बँकेत जातो तो फक्त त्याचा स्कॅन. तिथला माणूस राखाडी आणि काळ्या-पांढऱ्या फोटोवर बघून पैसे सोडायचे की नाही ठरवतो, शाईचा रंग, कागद खरवडलाय का, हे त्याला हात लावून बघता येत नाही. म्हणूनच रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की सीटीएसमधल्या चेकवर नाव, आकड्यातली रक्कम, अक्षरी रक्कम यातलं काहीही बदललेलं चालणार नाही, नवीन चेकच लिहायचा. सूट आहे ती फक्त तारखेला, तीसुद्धा मुदत वाढवून देण्यापुरती आणि चेक देणाऱ्याच्या पूर्ण सहीनिशी. बाकी कुठेही खोडून शेजारी कितीही सह्या केल्या तरी उपयोग नाही, आणि हा नियम आमचा नाही.

एक उदाहरण देतो. आमच्या एका ग्राहकाला एक लाख चौऱ्याऐंशी हजार पाचशेचा चेक मिळाला. अक्षरात बरोबर, आकड्यात मात्र आधी १,४८,५०० लिहिलं होतं. मराठीत ही चूक फार होते, कारण आपण चौऱ्याऐंशी म्हणताना आधी चार बोलतो मग ऐंशी, त्यामुळे कोणी रक्कम सांगत असेल आणि दुसरा लिहीत असेल तर हात आधी चारकडे जातो. चेक देणाऱ्याच्या ते लगेच लक्षात आलं आणि त्याने चारवर आठ आणि आठवर चार गिरवून शेजारी सही केली. आम्ही चेक घेतला नाही, नवीन मागून आणा म्हणालो. ग्राहक चिडले आणि स्वतः बँकेत जाऊन भरून आले. चेक परत आला, खात्यातून चार्जेस कटले, तोपर्यंत देणारा गावाला गेलेला, तो परत येऊन नवीन चेक मिळेपर्यंत तीन आठवडे गेले. चूक झाली तेव्हा दोघं एकाच टेबलाशी बसलेले होते आणि चेकबुक समोरच होतं, तेव्हाच दुसरा चेक फाडला असता तर पाच मिनिटांचं काम होतं.

यावर काही जण कायदा सांगतात की आकडा आणि अक्षर जुळलं नाही तर अक्षरी रक्कम धरायची. बरोबर आहे, १८८१ च्या कायद्याच्या कलम १८ मध्ये तसंच आहे. पण बँक रक्कम जुळत नाही म्हणून चेक परत पाठवू शकते आणि पाठवतेही, मग तो कायदा तुम्ही कोणाला वाचून दाखवणार? त्यामुळे आधी अक्षरी रक्कम मोठ्याने वाचायची आणि मग एकेक आकड्यावर बोट ठेवत जायचं. नुसती नजर फिरवली तर ४८ आणि ८४ सारखेच वाटतात, हे आमच्याही माणसांच्या बाबतीत होतं, म्हणून आम्ही मोठ्यानेच वाचतो.

तारखेचं सोपं आहे. १ एप्रिल २०१२ पासून चेक त्यावरच्या तारखेपासून तीनच महिने चालतो, आधी सहा महिने होते आणि काही लोकांच्या डोक्यात अजून तेच बसलंय. शेवटच्या आठवड्यात चेक आणू नका, मध्ये सुट्ट्या आल्या की गेला. पुढची तारीख असेल तर त्या दिवसाआधी भरता येत नाही. आणि जानेवारीत वर्ष नक्की बघा, हाताला सवय असते म्हणून लोक मागचंच साल टाकतात आणि नवा कोरा चेक कागदावर एक वर्ष जुना होऊन बसतो.

नावाच्या बाबतीत गंमत अशी की चूक बऱ्याचदा देणाऱ्याची नसते, आपणच त्याला दुकानाच्या बोर्डावरचं नाव सांगतो. खातं "ट्रेडिंग कंपनी" नावाने आणि चेक "ट्रेडर्स" नावाने असं झालं की अडकलं. पासबुकवर जे नाव आहे तेच, तसंच, कागदावर लिहून देणाऱ्याच्या हातात द्या, तोंडी सांगू नका.

आता मुद्दाम केलेली फेरफार कशी ओळखायची. चेक तिरका धरून उजेडात बघा. ज्या जागी लिहिलंय तिथली बारीक छापील नक्षी फिकी किंवा तुटलेली दिसली, कागद तेवढ्याच जागी खरखरीत लागला किंवा डाग पडल्यासारखा वाटला तर आधीचं लिखाण घालवून वर नवीन लिहिलेलं असू शकतं. एकाच ओळीत शाईच्या दोन छटा, शेवटचं शून्य दाटीवाटीने घुसवलेलं, अक्षरी रकमेच्या शेवटी "फक्त" नाही आणि पुढची जागा रिकामी, हेही बघायचं. उजेडासमोर धरल्यावर कागदात सीटीएस-इंडिया असा वॉटरमार्क दिसायला हवा. यातलं काही खटकलं तर चेक भरूच नका, देणाऱ्याला फोन करून रक्कम आणि नाव विचारा, आणि फोन तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवरच करा.

एवढं सगळं लक्षात ठेवायचं नसेल तर एक करा. चेक हातात आला की देणारा समोर बसलेला असतानाच पुढच्या बाजूचा सरळ, सावली न पडलेला फोटो काढून आम्हाला व्हॉट्सअपवर टाका. ऑफिसच्या वेळेत आम्ही लगेच बघून चालेल की नवीन मागा ते कळवतो, महिन्याचे हिशोब आमच्याकडे असतील तर याचे वेगळे पैसे नाहीत. पुढच्या तारखेचे चेक आमच्याकडे ठेवले तर त्यांची वहीत नोंद होते आणि तारीख आली की आम्हीच भरतो. फोटोवरून कागद खरवडलेला कळत नाही, त्यामुळे चेक प्रत्यक्ष आणल्यावर परत एकदा बघणारच, तेव्हा दोन मिनिटं थांबा. आणि चेकला स्टेपलर मारून आणू नका, खालच्या पांढऱ्या पट्टीवर काही लिहू नका, तिथले नंबर मशीन वाचतं.