श्यामच्या घरातलं सोवळं आणि म्हातारीची मोळी

परदेशात वाढणाऱ्या मुलाला ‘श्यामची आई’ वाचून दाखवताना बऱ्याचशा गोष्टी दोन वाक्यांत सांगून पुढे जाता येतं. पत्रावळ म्हणजे काय, मुंज कशी लागते, सावकार दाराशी आला की घरातली माणसं का घाबरतात, हे मुलांना लवकर कळतं. माझी नात जर्मनीत असते आणि आम्ही रविवारी व्हिडिओ कॉलवर वाचतो. ती अडली ती एकाच ठिकाणी, आणि माझ्या ओळखीतल्या इतर घरांतली मुलंही नेमकी तिथेच अडलेली आहेत. ते ठिकाण म्हणजे सोवळं आणि अस्पृश्यता. दोन्हींत ‘शिवू नकोस’ असतं, दोन्हींवर उपाय आंघोळ असतो. त्यामुळे मुलाला वाटतं की ही एकच गोष्ट आहे, आणि ती म्हणजे स्वच्छता.

हा समज पुस्तकातूनच पक्का होतो. ‘थोर अश्रू’मधला श्याम आंघोळ झाल्यावर ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून आईला धोंड्यावर ओचे पसरायला लावतो. आई म्हणते, पायांना जपतोस तसंच मनालाही जप. इथे घाण म्हणजे खरोखरच घाण, माती. हे आधी वाचलेलं मूल पुढे सोवळ्याचा उल्लेख आला की तेही हात धुण्यासारखंच असेल असं धरून चालतं. काही आईबाबा ‘ऑपरेशन थिएटरमध्ये डॉक्टर कसे जपतात, तसं’ असं सांगून मोकळे होतात. ते सोपं वाटतं, पण पुढचा सगळा घोटाळा त्यातूनच होतो.

मग सोवळं आधी नीट दाखवावं. सकाळी आंघोळ करून बाईने वेगळं नेसलं की ती सोवळ्यात. सुती नेसायचं तर ते आदल्या दिवशी पिळून, कोणाचा हात लागणार नाही अशा उंच दांडीवर काठीने वाळत टाकलेलं हवं. त्यात तिने स्वयंपाक करायचा, नैवेद्य दाखवायचा. मधेच शाळेच्या कपड्यांतलं पोर येऊन बिलगलं की सोवळं मोडलं. पोर घाणेरडं असतं म्हणून नव्हे. इस्त्रीचा, नुकता धुतलेला सदरासुद्धा ओवळाच. उलट रेशमी कद रोज न धुताही सोवळ्यात चालतो. हा कद मुलाला प्रत्यक्ष दाखवता येतो. गणपतीत पुण्याला आलेल्या मुलाने काकाला कद नेसून पूजेला बसलेलं पाहिलेलं असतं. ‘काकाचा कद रोज धुतात का?’ एवढं विचारलं की स्वच्छतेचा समज आपोआप ढिला पडतो.

सोवळ्याबद्दल मुलाच्या मनात एवढं ठसायला हवं: ही एक अवस्था आहे, ती येते आणि जाते. आज जी बाई ओवळ्यात आहे तीच उद्या सोवळ्यात असेल. श्यामची आई स्वतः दिवसातून या दोन्ही बाजूंना असते.

आता ‘देवाला सारी प्रिय’. महार समाजातली एक म्हातारी, डोक्यावरची लाकडाची मोळी खाली पडलेली, आणि ती परत डोक्यावर द्यायला कोणी पुढे येत नाही. आई श्यामला सांगते, जा, तिच्या डोक्यावर मोळी दे आणि घरी येऊन आंघोळ कर. या एका वाक्यात आईची माया आहे आणि तिच्या काळाची रूढीही आहे. मुलं इथेच थांबवतात. नातीने विचारलं, ‘आजी, आई चांगली आहे ना? मग आंघोळ कशाला?’

इथे घाईने ‘लाकडांची धूळ लागली असेल’ असं म्हणू नये. त्याऐवजी मुलालाच एक प्रश्न विचारावा: ती म्हातारी नदीवर आंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून आली असती, तर श्यामला तिला शिवता आलं असतं का? मूल ‘हो’ म्हणालं तर त्याच्या डोक्यात अजून स्वच्छताच आहे. खरं उत्तर ‘नाही’ असं आहे. श्यामला आंघोळ केली की पुरे. तिच्यासाठी कसलीच आंघोळ नाही. तिला हे जन्माने चिकटवलं होतं आणि ते मरेपर्यंत, पुढे तिच्या मुलानातवंडांनाही चिकटलेलं राहणार होतं.

मला सगळ्यात उपयोगी पडला तो पकडापकडीचा दाखला. खेळात ज्याच्यावर राज्य येतं त्याचा हात लागला की ते दुसऱ्यावर जातं, आणि संध्याकाळी खेळ संपतो. सोवळं-ओवळं साधारण असं. पण एकाच मुलावर जन्मापासून राज्य ठेवलं, त्याने कोणालाही शिवलं तरी ते उतरेना, खेळ कधी संपेना, आणि वर त्याला विहिरीवर पाणीही भरू दिलं नाही, तर? नात बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘मग तो खेळच नाही.’

पाण्याचा मुद्दा मुद्दाम घ्यावा, कारण सोवळ्यात गैरसोय असते, अस्पृश्यतेत माणसाचं जगणंच अडवलं जातं. पुण्यात हे दाखवायला जागा आहे. गंज पेठेतल्या फुले वाड्यात मुलाला घेऊन जावं आणि सांगावं की जोतीराव फुल्यांनी 1868 साली आपल्या घराचा हौद अस्पृश्य मानलेल्यांना खुला केला. श्यामच्या आईच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. म्हणजे ‘तेव्हा सगळे असेच वागायचे’ हे उत्तर पुरत नाही, हे मुलाला तिथे उभं राहून कळतं.

मात्र फरक सांगताना ‘सोवळं चांगलं आणि अस्पृश्यता वाईट’ अशी वाटणी करू नये, ती खरी नाही. शुद्ध-अशुद्धाची कल्पना दोन्हींच्या मुळाशी एकच आहे, आणि पाळीच्या दिवसांत बाईला बाजूला बसवणारं सोवळंही काही निरुपद्रवी नव्हतं. मोठ्या मुलीला हे सांगायलाच हवं. लहान मुलाला तूर्त एवढंच पुरे की एक मोडलं की परत मिळायचं आणि दुसऱ्यातून सुटकाच नव्हती.

आईच्या वागण्याचा बचाव करायचं कारण नाही आणि तिला दोष देत बसायचंही नाही. तिने रूढी पूर्ण मोडली नाही, पण रूढीला मायेच्या आड येऊ दिलं नाही. पुढचं पाऊल तिच्या मुलाने, म्हणजे साने गुरुजींनी, टाकलं. त्यांनी हे पुस्तक 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, आणि 1947 च्या मे महिन्यात पंढरपूरचं विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुलं व्हावं म्हणून उपोषण केलं. मंदिर खुलं झालं. 1950 मध्ये राज्यघटना लागू झाली आणि तिच्या कलम 17 ने अस्पृश्यता रद्द केली. तरी जातीवरून माणसाला दूर ठेवणं आजही थांबलेलं नाही. तेही मुलाला सांगावं, नाहीतर ते या सगळ्याला फक्त जुनी गोष्ट समजेल.

यानंतर एक प्रश्न येतोच: ‘आपण कोण होतो? आपल्या घरात काय करायचे?’ त्याला बगल देऊ नये. मी नातीला सांगितलं की माझी आजी सोवळ्यात स्वयंपाक करायची, आणि त्याच घराच्या अंगणात लाकडं फोडायला येणाऱ्या माणसाला पाणी वरून, त्याच्या ओंजळीत ओतलं जायचं. तांब्या त्याच्या हातात दिला जात नसे. ‘त्याला किती तहान लागली असेल, त्यापेक्षा त्याला काय वाटत असेल?’ असं तिने विचारलं. त्या रविवारी आम्ही पुढची रात्र वाचली नाही, याच प्रश्नावर बोलत राहिलो.