रॉ आणि ऑरगॅनिक मध: लेबल काय सांगतं आणि ग्लासातला थेंब काय सांगतो

मधाच्या बाटलीवर रॉ आणि ऑरगॅनिक हे दोन शब्द बरेच जण एकाच अर्थाने वाचतात, म्हणजे "शुद्ध". पण रॉ म्हणजे मध पोळ्यातून काढल्यावर त्याचं काय केलं ते, आणि ऑरगॅनिक म्हणजे मध काढायच्या आधी काय झालं ते.

रॉ मध जास्त तापवलेला नसतो, फार बारीक गाळलेलाही नसतो, त्यामुळे त्यात परागकण राहतात. कारखान्यात मध साधारण ६०-७० डिग्रीला तापवून गाळतात म्हणजे तो जास्त दिवस पातळ आणि पारदर्शक राहतो. बऱ्याच देशांत रॉ या शब्दाला पक्की कायदेशीर व्याख्याच नाहीये, त्यामुळे लेबलवर नुसतं रॉ दिसलं तर मी तरी त्याला फार वजन देत नाही. ऑरगॅनिकला मात्र सर्टिफिकेट लागतं. पेट्यांच्या आसपास फवारणीची पिकं किती, माश्यांना कुठली औषधं दिली हे त्यात तपासतात, युरोपच्या नियमात तर ३ किलोमीटरचा परिसर बघतात कारण माशी सहज तेवढी लांब जाते. पण ऑरगॅनिक मधही तापवलेला असू शकतो, आणि रॉ मध फवारलेल्या शेतातलाही असू शकतो. मल्टिफ्लोरा म्हणजे फक्त अनेक फुलांचा, तो काही दर्जा नाही.

आता घरच्या टेस्ट. पाण्याच्या ग्लासात मध टाका, तळाशी गेला तर अस्सल, विरघळला तर भेसळ, असं सगळे छातीठोकपणे सांगतात, पण ही टेस्ट खरं तर घट्टपणा मोजते. पोळ्यात पूर्ण पिकायच्या आधीच काढलेला मध घ्या ज्यात २२ टक्के पाणी आहे, आणि साखरेचा पाक घ्या जो आटवून १८ टक्क्यांवर आणलाय. मध पटकन पसरेल, पाक सरळ तळाशी बसेल, म्हणजे अस्सल नापास आणि नकली पास! काडेपेटीची काडी बुडवून पेटवायची टेस्टही तशीच, काडी ओली झाली की पेटत नाही, बाकी काही कळत नाही.

सगळ्यात वाईट वाटतं ते गोठलेला मध "साखर घातलीये" म्हणून फेकून देतात तेव्हा. ग्लुकोज जास्त असलेला मध, जसा मोहरीचा, काही आठवड्यांतच रवाळ होतो, आणि फ्रुक्टोज जास्त असलेला अकेशियाचा महिनोन् महिने पातळ राहतो, दोन्ही खरेच. रवाळ झाला तर बरणी कोमट पाण्यात ठेवा, उकळू नका.

भेसळ शोधायची तर लॅबच लागते. ऊस आणि मक्याचं सिरप कार्बन आयसोटोपच्या तपासणीत सापडतं, पण तांदळाचं किंवा बीटचं त्यातून निसटतं, म्हणून एनएमआर सारखी, मधातले बरेच घटक एकदम बघणारी तपासणी करतात. त्यामुळे विकणाऱ्याला "शुद्ध आहे का" विचारण्यापेक्षा या बॅचचा लॅब रिपोर्ट आहे का, त्यात पाणी किती टक्के आणि कुठल्या सिरपसाठी तपासलंय, ते विचारा.