मॉकअप प्रॉम्प्टमधील खोक्याचे वर्णन

प्रीमियम खोक्याचे नमुनाचित्र एआयकडून काढून घेण्यासाठी त्याची बांधणी, घड्या, एम्बॉसिंग म्हणजे कागदावरची उठावदार नक्षी आणि फॉइलिंग म्हणजे धातूसारखी चमकणारी छपाई शब्दांत मांडण्याची पद्धत. यात प्रक्रियेचे नाव पुरत नाही. ती प्रक्रिया कागदावर काय करते आणि प्रकाशात कशी दिसते, हे लिहावे लागते.

समजा, वाशीच्या मसाला मार्केटमधल्या सुक्या मेव्याच्या व्यापाऱ्याला दिवाळीचा खोका हवा आहे. ‘हिरवा लक्झरी खोका, सोनेरी फॉइल, एम्बॉसिंग’ एवढेच लिहिले तर बहुधा फुगीर सोनेरी अक्षरे येतात, म्हणजे दोन्ही कामे एकात मिसळतात.

आधी बांधणी ठरवावी. पातळ कार्डाच्या मोनो कार्टनला क्रीझवर, म्हणजे घडीच्या रेघेवर, किंचित गोलसर कड येते आणि झाकणाची जीभ आत खोचली जाते. कप्पा बोर्ड या जाड पुठ्ठ्याच्या, न दुमडणाऱ्या रिजिड खोक्याला अशी जीभ नसते. जाड भिंतींवर कागद गुंडाळून तो कडेवरून आत वळवलेला असतो. म्हणून इथे लिहायचे: ‘वेगळे झाकण असलेला चौरस रिजिड खोका, २ मिमी जाड भिंती, गडद हिरवा मॅट कागद, कोपऱ्यांवर घट्ट वळवलेला’. मॉडेल मिलिमीटर मोजत नाही. हा आकडा भिंत जाड दिसावी एवढ्यापुरताच.

मग एम्बॉसिंग: ‘झाकणावर बदामाच्या पानांची नक्षी, कागदाच्याच रंगात, जेमतेम उठलेली, रंग किंवा फॉइल नाही; डावीकडून अगदी तिरपा प्रकाश’. तिरपा प्रकाश वगळला तर उठाव जवळजवळ दिसतच नाही, कारण तो कळतो तो फक्त सावलीमुळे. नक्षीची सावली एका पानाला उजवीकडे आणि दुसऱ्याला डावीकडे पडली असेल, तर चित्र फसले.

फॉइल म्हणजे गरम डायने, म्हणजे ठशाने, कागदावर दाबलेला चकचकीत धातूसारखा थर असतो. त्याची चमक समोरच्या वस्तूंच्या प्रतिबिंबातून येते. त्यामुळे ‘सपाट, धारदार कडांची सोनेरी फॉइल चौकट, तिच्यात लांब सॉफ्टबॉक्सचे प्रतिबिंब, काही भाग उजळ तर काही जवळजवळ काळा’ असे लिहावे. सगळीकडे एकसारखा पिवळा दिसला तर ती फॉइल नाही, शाई आहे. दुकानाचे नाव मात्र चित्रात मागू नये. देवनागरी जोडाक्षरे बऱ्याचदा मोडतात, म्हणून जागा कोरी ठेवून नाव नंतर बसवणेच बरे.

या पद्धतीची खरी मर्यादा डायलाइन, म्हणजे खोका कुठे कापायचा आणि कुठे दुमडायचा हे दाखवणारा आराखडा, ही आहे. प्रॉम्प्टमधून आलेला उलगडलेला आराखडा देखणा असू शकतो, पण त्यातले फ्लॅप बहुधा एकमेकांशी जुळत नाहीत, चिकटपट्टी राहून जाते आणि कापण्याची व क्रीझची रेघ यांत फरक उरत नाही. खोका वागळे इस्टेटमध्ये बनो की तुर्भ्यात, पंचिंगच्या डायसाठी, म्हणजे बोर्ड कापणाऱ्या साच्यासाठी, मिलिमीटरमध्ये काढलेली व्हेक्टर फाइलच लागते. मॉकअप गिऱ्हाइकाच्या होकारासाठी. डाय बनण्याआधी कोऱ्या बोर्डाचा नमुना हाताने कापून, घडी घालून पाहावा.