पायलट भाग : एका मिनिटाची संहिता

उभ्या पडद्यावरील लघुमालिकेच्या पहिल्या भागाची, साठ सेकंदांत बसणारी संहिता. मालिकेची कल्पना, मुख्य पात्र आणि दर भागात परतणारा साचा या तिन्हींची ओळख तिने करून द्यायची असते. यूट्यूब शॉर्ट्सची कमाल लांबी २०२४च्या ऑक्टोबरात तीन मिनिटांवर गेली, तरी पायलट मिनिटाच्या आत ठेवणेच सोयीचे. नवख्या पात्रासाठी प्रेक्षक फार वेळ थांबत नाही.

दूरचित्रवाणीच्या पायलटमध्ये बहुधा ‘हे सारे सुरू कसे झाले’ ते दाखवतात. इथे तेवढी जागा नसते. म्हणून पायलट हा मालिकेचा एक नेहमीचाच भाग असावा, फक्त नवख्यालाही कळेल असा.

उदाहरणार्थ, एसटीतून निवृत्त झालेले वाहक तात्या आता सोसायटीचे सचिव आहेत आणि दर भागात एक भांडण मिटवतात, अशी मालिका धरू. पहिल्या तीन सेकंदांत भांडणच ऐकू यावे : “ही स्कूटर माझ्या जागेत कुणी लावली?” मग घंटेचा एक ठोका. एसटीत एक ठोका म्हणजे थांबा. दोघेही गप्प होतात. दारात तात्या, खांद्याला जुनी चामडी बॅग. शेजारीण पुटपुटते, “तीस वर्षं कंडक्टर होते, आता आमचे सेक्रेटरी.” पूर्वकथा एवढीच. पंधराव्या सेकंदापासून दोन्ही बाजू, चाळिसाव्याला निवाडा : “पुढे सरका, पुढे जागा आहे!” दोन स्कूटर सरकतात, गाडी बसते. डबल बेल. शेवटच्या पाच सेकंदांत वरच्या मजल्यावरून हाक येते, “तात्या, पाण्याचं काय?”

यातली घंटा, निवाडा आणि डबल बेल दर भागात तशीच राहतील. भांडण तेवढे बदलेल. साचा पक्का आहे का, हे दुसऱ्या भागाची संहिता आधी लिहून पाहिल्यावर कळते. तिथे तात्यांची ओळख पुन्हा करून द्यावी लागली किंवा घंटा ओढूनताणून आणावी लागली, तर चूक पायलटमध्ये आहे.

संवाद नव्वद ते शंभर शब्दांत आवरावेत. पटकथेचे एक पान म्हणजे एक मिनिट हा ठोकताळा इथे फसवतो, कारण मराठी संवाद भरभर वाचून साठ सेकंदांत बसले तरी अभिनयातले थांबे आणि हालचाली वेळ खातात. घड्याळ लावून, हालचाली करत वाचावे. पंचावन्नच्या पुढे गेल्यास आधी ओळखीची वाक्ये कापावीत, निवाड्याआधीचा थांबा नव्हे. विनोद त्या थांब्यावरच उभा असतो.

आवाज बंद करूनही एकदा पाहावे. वाहकाची बॅग आणि घंटेकडे जाणारा हात दिसला, तर पात्र पोहोचते. मात्र घंटेचे ठोके मुक्याने कळत नाहीत, म्हणून ‘टण्’ आणि ‘टण् टण्’ ही अक्षरे पडद्यावर लिहावी लागतात. ती तळाशी किंवा उजव्या कडेला नकोत. तिथे ॲपची बटणे आणि मथळा येतो.