पहिल्याच भेटीत आम्ही चहाचे कप का मोजतो

आमच्या समुपदेशन केंद्रात नव्यानं येणाऱ्यांसाठी हे पत्रक आहे. पहिल्या भेटीनंतर बरेच जण बाहेर बसलेल्या घरच्यांना सांगतात, "मनाचं विचारायला आलो, तर मॅडम चहा किती आणि जेवता कधी तेच विचारत बसल्या." काहींची दुसरीही तक्रार असते, की इथं साधा चहासुद्धा विचारत नाहीत. या दोन्हींचं उत्तर एकच आहे, म्हणून ते छापूनच ठेवलंय.

चहा-कॉफी, दारू आणि जेवणाचा विचार आम्ही तिन्ही मिळून करतो, कारण आमच्याकडे येणाऱ्या पुष्कळ लोकांच्या दिवसात ही तिन्ही एकमेकांत अडकलेली असतात. रात्री थोडी घेतली की झोप मोडते, झोप मोडली की सकाळी चहा वाढतो, चहानं भूक मरते म्हणून नाश्ता राहतो, आणि अकराच्या सुमाराला छाती धडधडायला लागते.

शरीरात काय होतं ते थोडक्यात सांगते. दिवसभरात मेंदूत ॲडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि त्यानं थकवा, झोप जाणवते. चहा-कॉफीतलं कॅफिन त्याची जागा अडवतं. थकवा तिथंच असतो, फक्त कळत नाही. सोबत ॲड्रेनलिन वाढतं, म्हणजे भीती वाटल्यावर जे सुटतं तेच. उपाशी राहिल्यावर रक्तातली साखर टिकवण्यासाठी शरीर जी संप्रेरकं सोडतं, त्यातही ॲड्रेनलिन असतं. रिकाम्या पोटी दोन-तीन चहा म्हणजे एकाच गोष्टीला दोन बाजूंनी धक्का. हात थरथरतात, तळवे ओले होतात, छाती धडधडते. शरीर आधी घाबरतं आणि मन मागाहून कारण शोधतं. "मला हार्ट ॲटॅक येतोय" हे ते कारण. या विचारानं आणखी भीती, भीतीनं आणखी ॲड्रेनलिन.

दारूचं गणित उलटं वाटतं, कारण घेताना बरं वाटतं. ती मेंदूला शांत करणारी यंत्रणा वाढवते आणि जागं ठेवणारी दाबते. पण मेंदूही गप्प बसत नाही. तो उलट बाजूनं जोर लावतो. दारू उतरते तेव्हा तो जोर तसाच राहतो आणि माणूस पहाटे तीनला टक्क जागा होतो, छाती धडधडत असते, जुन्या चुका आठवत असतात. "दारूनं मला झोप लागते" हे अर्धं खरं आहे. झोप लागते, पण रात्रीचा उत्तरार्ध ती मोडते. तशा चार-पाच रात्री झाल्या की दिवसा उदास, चिडचिडं वाटतंच.

एका गृहस्थांचं उदाहरण देते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. वय एकेचाळीस, एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर. रोज सव्वाअकराच्या आसपास धडधड, घाम, "आता मी पडतो" अशी भीती. ईसीजी, थायरॉईड, हिमोग्लोबिन सगळं तपासून झालेलं, सगळं ठीक. पहिल्या दिवशी चहा विचारला तर म्हणाले, "तीन-चार. नॉर्मलच आहे की ओ मॅडम." दारू? "कधीतरी." जेवण? "वेळेवर."

मग आठवडाभर काय, कधी खाल्लं-प्यायलं ते वहीत लिहायला सांगितलं. त्या वहीत निघालं ते असं. सकाळी सहाला भरलेला कप, साडेसातला दुसरा, मग नाश्ता न करता घराबाहेर. नऊला आणि साडेदहाला कारखान्यात अर्धा-अर्धा. जेवण अडीचला. संध्याकाळी चार, साडेपाच, सात. म्हणजे सात वेळा चहा. कारखान्यातले अर्धे कप ते मोजतच नव्हते, कारण त्याचे पैसे द्यावे लागत नव्हते. आठवड्यात पाच रात्री साडेनऊला दोन लार्ज, आणि जेवण अकराला. रात्री अकरा ते दुपारी अडीच म्हणजे साडेपंधरा तास पोटात चहाशिवाय काही नाही.

आता हिशेब मांडू. दोन लार्ज म्हणजे १२० मिली. बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असलं तर त्यात साधारण ४० ग्रॅम मद्यार्क. शरीर तासाला ढोबळमानानं सात ते दहा ग्रॅम जाळतं. साडेनऊला सुरू केलेली दारू त्यामुळं रात्री दोन-अडीचच्या सुमाराला उतरते, आणि वहीत जागं होण्याची वेळ पाचही रात्री अडीच ते सव्वातीनच्या मधली होती. सातच्या चहाचंही तसंच. कॅफिन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, कुणाला तीन, कुणाला सात. बारा वाजता अंथरुणावर पडताना त्यातलं निम्मं अंगातच होतं.

यात आम्ही आधी जेवणाला हात घातला. त्यात माणसाचं काही हिरावलं जात नाही, उलट मिळतं. सकाळच्या पहिल्या चहाबरोबर अर्धी ज्वारीची भाकरी आणि शेंगा चटणी, किंवा कडक भाकरी दह्यात चुरून. दुसरा चहा त्यानंतरच. साडेदहाला चहाऐवजी मूठभर शेंगदाणे. दुसऱ्या आठवड्याअखेर सव्वाअकराची धडधड आठवड्यात पाचवरून दोनवर आली होती, आणि आम्ही अजून त्यांच्या मनाबद्दल फारसं बोललोही नव्हतो. मग दुपारी तीननंतरचे चहा एकेक करून काढले, दर तीन-चार दिवसांनी एक. दारूचं त्यांनी आधी डॉक्टरांना खरं सांगितलं आणि त्यांच्या सल्ल्यानं कमी केली. पहिल्या काही रात्री झोप आणखी वाईट गेली. ते अपेक्षित होतं आणि आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून ते टिकले. त्यानंतर जे उरलं ते म्हणजे भावाशी चाललेला घराच्या वाटणीचा ताण. ते खरं समुपदेशनाचं काम, आणि ते करायला आता जागा झाली होती.

आता आमचा सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक. ती म्हणजे वही आदल्या रात्री बसून एकदम भरणं. सातही दिवस एकाच पेनानं, एकाच तिरक्या अक्षरात, रोज "चहा ३, जेवण २". अशी वही उघडली की मला लगेच कळतं. मग पन्नास मिनिटांच्या भेटीतली वीस मिनिटं "मंगळवारी दुपारी कुठं होता, काय खाल्लं" हे आठवण्यात जातात. ते पैसे तुमचे असतात आणि मला ते आवडत नाही. आठवणीतून लिहिलेलं नेहमी गुळगुळीत होतं. वाईट वाटलं ते लक्षात राहतं, पण त्याआधीच्या दोन तासांत पोटात काय होतं ते नाही, आणि आम्हाला हवं असतं नेमकं तेच.

म्हणून तेव्हाचं तेव्हा लिहा. एका ओळीत चार गोष्टी: वेळ, पोटात काय गेलं, कसं वाटलं, आणि भीती किंवा उदासी शून्य ते दहामध्ये किती. "१०.४०, अर्धा चहा, हात थरथर, ६" एवढं पुरे. मोबाईलवर लिहिलं तरी चालतं. अर्धा कप, बशीतला, दुसऱ्याच्या ग्लासातला घोट, सगळं लिहा. कोल्ड्रिंक आणि एनर्जी ड्रिंकसुद्धा, त्यातही कॅफिन असतं. वही घरच्यांना आम्ही दाखवत नाही. "दारू" लिहायला संकोच वाटत असेल तर फुली मारा, आम्हाला कळेल.

पत्रक वाचून काही जण दुसऱ्या दिवसापासून चहा एकदम बंद करतात. तसं करू नका. रोजचा चहा अचानक तोडला की बारा ते चोवीस तासांत डोकं दुखायला लागतं, मरगळ येते, मूड पडतो, आणि दुसऱ्या दिवशी ते सगळ्यात जास्त असतं. माणूस म्हणतो, चहा सोडून माझं बिघडलंच, आणि परत सुरू करतो. दारूच्या बाबतीत हीच घाई जिवावर बेतू शकते. जे रोज भरपूर पितात, किंवा ज्यांचे हात सकाळी घेतल्याशिवाय स्थिर होत नाहीत, त्यांनी मनानं एकदम थांबवू नये. फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. त्यांनी आधी डॉक्टरांकडे जावं. झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्या चालू असतील तर त्यावर दारू नकोच, आणि गोळ्या स्वतःहून बंदही करू नका. आम्ही गोळ्या देत नाही, बदलतही नाही. गरज वाटली तर मनोविकारतज्ज्ञांकडे चिठ्ठी देतो.

उपवासाचा प्रश्न नेहमी येतो. श्रावणी सोमवार असो की एकादशी, उपवासाला आमचा विरोध नाही. विरोध आहे तो उपवासाच्या नावावर दिवसभर नुसता चहा पिण्याला. शेंगदाणे, दही, राजगिरा, भगर वेळच्या वेळी घ्या. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन असेल तर मात्र जेवण चुकवण्याआधी डॉक्टरांना विचारा, कारण तिथं साखर खरोखर धोक्याइतकी उतरू शकते आणि ती धडधड चिंतेची नसते.

हेही स्पष्ट सांगते, की प्रत्येकाचं दुखणं चहात नसतं. दोन आठवड्यांची वही नीट भरूनही वेळांचा काही संबंध दिसला नाही, तर आम्ही तो विषय सोडून पुढं जातो. उदासीत भूकच मरते, तेव्हा जेवण चुकणं हे कारण नसून लक्षणही असू शकतं. धडधड नव्यानं सुरू झाली असेल, छातीत दुखत असेल, चक्कर येऊन पडला असाल, तर आमच्याआधी डॉक्टर. आणि जगणं नकोसं वाटत असेल तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो आणि मोफत आहे.

वही आमच्या काउंटरवर मिळते, तिचे पैसे नाहीत. पहिली भेट ठरवताना फोनवर सांगितलंत तर आठवडाभर आधीच घेऊन जाता येते. भरलेली वही घेऊन आलेल्यांचं पहिलं काम बहुतेकदा एका भेटीत होतं, नाहीतर दोन लागतात. वही भरताना अडलं तर संध्याकाळी सहा ते सात फोन करा, त्याची फी नाही. भेटीला येताना पोटभर खाऊन या. तसं जमलं नाही तर बाहेरच्या टेबलावर शेंगदाण्याचे लाडू आणि ताक ठेवलेलं असतं, आधी ते घ्या आणि मग आत या.