दोन चाचण्या, एक आजार आणि स्वातंत्र्याची अट

एका माणसाची एकाच आजारासाठी दोनदा चाचणी झाली. नमुने वेगळे, प्रयोगशाळा वेगळ्या, आणि दुसरीला पहिलीचा निकाल ठाऊकही नाही. मग हे दोन निकाल एकमेकांपासून स्वतंत्र म्हणायचे का? त्या माणसाला आजार आहे की नाही हे आपल्याला आधीच माहीत असेल, तर हो. माहीत नसेल, तर नाही. उत्तर विचित्र वाटतं, पण आकडे मांडले की उलगडतं.

समजा 1000 जणांपैकी 100 जणांना आजार आहे. चाचणी आजारी माणसाला 90 टक्के वेळा पॉझिटिव्ह दाखवते आणि निरोगी माणसालाही 10 टक्के वेळा चुकून पॉझिटिव्ह दाखवते. (हे आकडे हिशेब सोपा व्हावा म्हणून घेतले आहेत.) पहिली चाचणी पॉझिटिव्ह येणं ही घटना A, दुसरी पॉझिटिव्ह येणं ही घटना B आणि आजार असणं ही घटना C.

आधी फक्त 100 आजारी माणसांकडे बघू. पहिल्या चाचणीत त्यांतले 90 पॉझिटिव्ह. त्या 90 जणांची दुसरी चाचणी केली तर 90 टक्के, म्हणजे 81 जण पुन्हा पॉझिटिव्ह. पहिल्यांदा निगेटिव्ह आलेल्या 10 जणांतलेही 9 आता पॉझिटिव्ह, म्हणजे तेही 90 टक्केच. पहिला निकाल काहीही असो, दुसऱ्याची शक्यता बदलत नाही. 900 निरोगी लोकांतही तेच: पहिल्यांदा पॉझिटिव्ह आलेल्या 90 पैकी 9, आणि निगेटिव्ह आलेल्या 810 पैकी 81 दुसऱ्यांदा पॉझिटिव्ह. दोन्हीकडे 10 टक्के. गणिताच्या भाषेत, C दिल्यावर A आणि B स्वतंत्र आहेत, आणि C नाही हे दिल्यावरही स्वतंत्र आहेत.

आता आजारी-निरोगी ही विभागणी पुसून टाका आणि सगळे 1000 जण एकत्र करा. पहिली चाचणी पॉझिटिव्ह आलेले 90 + 90 = 180 जण, म्हणजे 18 टक्के. दुसरीचेही 18 टक्के. दोन्ही पॉझिटिव्ह आलेले मात्र 81 + 9 = 90. म्हणून पहिली पॉझिटिव्ह असताना दुसरी पॉझिटिव्ह येण्याची शक्यता 180 पैकी 90, सरळ 50 टक्के! 18 वरून 50 वर.

चाचण्यांनी एकमेकींना काही कळवलेलं नाही. बदलला तो गट. सुरुवातीला दहात एक आजारी होता. पॉझिटिव्ह आलेल्या 180 जणांत निम्मे आजारी आहेत. पहिला निकाल आजाराबद्दल काहीतरी सांगून जातो आणि आजार दुसऱ्या निकालाबद्दल सांगतो. C माहीत असला की ही मधली साखळीच निरुपयोगी होते.

नेमकी चूक इथेच होते. एकूण 18 टक्क्यांचा आकडा हातात घेऊन कुणी 0.18 × 0.18 असा गुणाकार केला, तर उत्तर 0.0324, म्हणजे 1000 मागे जेमतेम 32 जण. प्रत्यक्षात 90. गुणाकार करायचा तो गटाच्या आत, आणि मग बेरीज:

```
P(A ∩ B) = 0.1 × 0.9 × 0.9 + 0.9 × 0.1 × 0.1 = 0.09
```

दोन उत्तरांतला फरक 0.0576. आजाराचं प्रमाण p, आजारी माणसात पॉझिटिव्ह येण्याची शक्यता s आणि निरोगी माणसात f मानली, तर हा फरक नेहमी p(1−p)(s−f)² इतका येतो. तो शून्य व्हायला एक तर सगळेच आजारी किंवा सगळेच निरोगी हवेत, नाहीतर चाचणी इतकी बेकार हवी की आजारी आणि निरोगी यांत तिला फरकच कळत नाही. थोडक्यात, चाचणी कामाची असेल तर निकाल एकूण गटात अवलंबीच असणार.

आता उलट बाजूचा धोका. C दिल्यावर निकाल स्वतंत्र आहेत हे आपण गृहीत धरलं होतं. ते आपोआप खरं होत नाही. त्याच गृहीतामुळे दोन्ही पॉझिटिव्ह आलेल्या 90 जणांत 81, म्हणजे 90 टक्के, खरे आजारी निघाले. पण निरोगी माणसाच्या रक्तातलाच एखादा घटक चाचणीला फसवत असेल, तर तो दुसऱ्यांदाही फसवेल. समजा, खोट्या पॉझिटिव्ह 90 जणांतले 9 नव्हे तर 60 पुन्हा पॉझिटिव्ह आले. मग दोन्ही पॉझिटिव्ह आलेले 141 आणि त्यांत खरे आजारी 81, जेमतेम 57 टक्के. हा दोष ओळखायचा तर खात्रीने निरोगी असलेल्यांचा गट वेगळा काढून पाहावं लागतं: पहिली पॉझिटिव्ह आलेल्यांत आणि निगेटिव्ह आलेल्यांत दुसरी पॉझिटिव्ह येण्याचं प्रमाण सारखं आहे का? एकूण गटात हे तपासून काहीच कळणार नाही, तिथे फरक असणारच.

सिफिलिससाठीची व्हीडीआरएल चाचणी याचं परिचित उदाहरण. ल्युपससारख्या आजारात ती सिफिलिस नसतानाही पॉझिटिव्ह येऊ शकते, कारण ती जंतूविरुद्धची नव्हे, कार्डिओलिपिन या स्निग्ध पदार्थाविरुद्धची प्रतिपिंडं शोधते. अशा रुग्णावर तीच चाचणी पुन्हा केली तर तीच चूक पुन्हा हाती येण्याची शक्यता मोठी. म्हणून खातरजमा टीपीएचएसारख्या, जंतूविरुद्धची प्रतिपिंडं शोधणाऱ्या वेगळ्या चाचणीने करतात.