ताटातले कॅल्शियम आणि पदरात पडलेले कॅल्शियम

नागपूरच्या अंबाझरी तलावाच्या काठाने पहाटे धावणारी माझी एक भाची आहे, वय अठ्ठावीस. ती शाकाहारी आहे, दूध तिला पचत नाही आणि दही-ताकही तिने सोडले आहे. मागच्या हिवाळ्यात नडगीचे हाड दुखू लागले, तेव्हा तिने रक्तातले कॅल्शियम तपासून घेतले आणि अहवाल अगदी व्यवस्थित आला. मग ती तिच्या आहाराची वही घेऊन माझ्याकडे आली. मी आहारशास्त्र शिकवते, म्हणून तिला वाटले की वही पाहून मी तिची पाठ थोपटीन. वहीत रोज पालक होता, नाचणी सत्त्व होते आणि तिळाच्या चिक्कीचे दोन तुकडे होते. सगळी बेरीज करून तिने ६४० मिलिग्रॅमचा आकडा काढला होता.

आधी त्या अहवालाविषयी सांगते, कारण त्यावर विसंबून पुष्कळ लोक फसतात. रक्तातले कॅल्शियम शरीर फार काटेकोरपणे एका पातळीवर ठेवते. ते किंचित जरी उतरले तरी पॅराथायरॉइड ग्रंथींमधून संप्रेरक सुटते आणि हाडांतून कॅल्शियम काढून ती तूट भरली जाते. त्यामुळे आहारात वर्षानुवर्षे कमतरता असली तरी रक्ताचा आकडा सरळ दिसतो, कारण तो आकडा सरळ ठेवण्याची किंमत हाड मोजत असते. शंका असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने पॅराथायरॉइड संप्रेरक, ड जीवनसत्त्व आणि गरजेप्रमाणे हाडांच्या घनतेची तपासणी करावी लागते.

आता वहीकडे वळू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये प्रौढांसाठी दिवसाला १,००० मिलिग्रॅम कॅल्शियमची शिफारस केली. मात्र ताटात वाढलेले सगळे कॅल्शियम शरीरात शिरत नाही. मिश्र आहारातून साधारण चौथा ते तिसरा हिस्सा आतड्यातून शोषला जातो, म्हणजे खरे लक्ष्य दिवसाला २५० ते ३०० मिलिग्रॅम पदरात पडण्याचे आहे. हा हिस्सा पदार्थागणिक इतका बदलतो की ताटातल्या मिलिग्रॅमची बेरीज एकटी फारशी कामाची नसते.

पालकाचेच पाहा. अमेरिकेत रॉबर्ट हीनी आणि कॉनी वीव्हर यांनी नंतर शरीरात ओळखता येईल असे खुणेचे कॅल्शियम देऊन पालक वाढवला, तो माणसांना खाऊ घातला आणि त्यातले किती रक्तात उतरते ते मोजले. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पालकातले जेमतेम पाच टक्के कॅल्शियम शोषले गेले, तर त्याच माणसांत दुधातले सुमारे अठ्ठावीस टक्के. पालकात ऑक्झॅलिक आम्ल भरपूर असते आणि ते कॅल्शियमला असे घट्ट धरते की आतड्यात ते विरघळतच नाही. भाजी उकळून पाणी फेकले तर मोकळे ऑक्झॅलेट बरेच निघून जाते, पण कॅल्शियमशी आधीच जखडलेले ऑक्झॅलेट भाजीतच राहते. भाचीच्या दीडशे ग्रॅम पालकात सुमारे १२० मिलिग्रॅम कॅल्शियम होते. त्यातले पदरात पडले ६. पालक खाल्ल्यावर दातांवर जो खरखरीतपणा जाणवतो आणि अळू नीट शिजले नाही तर घसा जो खवखवतो, ती याच ऑक्झॅलेटची ओळख आहे. लोह, फोलेट आणि इतर गुणांसाठी पालक जरूर खावा, मात्र कॅल्शियमच्या खात्यात तो धरू नये. माठाचेही तेच.

याच संशोधकांनी १९९० मध्ये केल या कोबीवर्गीय पालेभाजीची तशीच चाचणी घेतली, तेव्हा त्यातले चाळीस टक्क्यांहून अधिक कॅल्शियम शोषले गेले. दुधाचा आकडा त्या वेळी बत्तीस टक्के होता. कोबी, मोहरी, मुळा आणि फुलकोबीच्या कुळात ऑक्झॅलेट फार कमी असते, आणि मोहरीच्या पाल्याचे मोजमापही चाळीस टक्क्यांच्या आसपासच आले आहे. आपल्याकडे कॉटन मार्केटमध्ये हिवाळ्यात मुळ्याच्या जुड्या हिरव्यागार पाल्यासकट येतात आणि कितीतरी गिऱ्हाइके तो पाला तिथेच मोडून टाकायला सांगतात. मला दर वेळी वाईट वाटते, कारण शंभर ग्रॅम पाल्यात सुमारे २३० मिलिग्रॅम कॅल्शियम असते आणि ते खरोखर अंगी लागणारे असते. तो बारीक चिरून, मुगाच्या डाळीबरोबर किंवा बेसन पेरून केला की त्याचा उग्रपणा राहत नाही. मेथीतही ऑक्झॅलेट कमी असल्याने तीही चांगली.

तिळाचा घोटाळा वेगळा आहे. सालासकट असलेल्या तिळात शंभर ग्रॅमला १,२०० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असते आणि भाचीने चिक्कीतल्या वीस ग्रॅम तिळाचे २५० मिलिग्रॅम धरले होते. पण चिक्कीत बहुधा पॉलिशचे, म्हणजे साल काढलेले पांढरेशुभ्र तीळ असतात, आणि तिळाचे बहुतेक कॅल्शियम त्या सालातच असते. साल गेले की शंभर ग्रॅममध्ये उरतात शंभराच्या आसपास मिलिग्रॅम. त्यातला पाचवा हिस्सा शोषला जातो असे मोजले गेले आहे, म्हणजे दोन तुकड्यांतून तिला मिळाले अवघे ४. सालासकट गावरान तीळ मळकट पिवळसर किंवा तांबूस दिसतात, दाणे एकसारखे नसतात आणि चावल्यावर किंचित कडवट लागतात. तो कडवटपणा सालातल्या ऑक्झॅलेटचा असतो, त्यामुळे यातले कॅल्शियमही दुधाइतके शोषले जात नाही. म्हणून हिशोबात मी त्याचा आठवा हिस्साच धरते, तरीही वीस ग्रॅममधून सुमारे ३० मिलिग्रॅम मिळतात. तीळ भाजून कुटलेलेच हवेत. सबंध दाणा दाताखाली सुटला तर तो तसाच बाहेर पडतो, म्हणून भाकरीबरोबरची तिळाची चटणी भाकरीवर भुरभुरलेल्या तिळांपेक्षा कितीतरी उपयोगी ठरते.

विदर्भाचे रोजचे धान्य ज्वारी, आणि ज्वारीत शंभर ग्रॅमला कॅल्शियम तीसच्याही आत. नाचणीत ते सुमारे ३६० असते, म्हणून ज्वारीची एक वेळ नाचणीला देणे फायद्याचे ठरते. नाचणीचे कॅल्शियमही मुख्यतः सालात आणि त्याखालच्या थरात असते. घरोघरी सत्त्व करताना नाचणी भिजवून, वाटून फडक्यातून गाळतात आणि चोथा टाकून देतात, तेव्हा कॅल्शियमचा मोठा भाग त्या चोथ्याबरोबर जातो. भाचीच्या दोन चमचे सत्त्वाचे मी दहाच मिलिग्रॅम धरले. चक्कीवरून आणलेले पीठ बारीक चाळणीने चाळले तरी तसेच नुकसान होते.

नाचणीत कॅल्शियमला धरून ठेवणारा दुसरा घटक आहे फायटेट. मात्र दाण्यातच एक विकर असते, ते दाणा भिजून अंकुरला की जागे होते आणि फायटेट तोडते. नाचणी रात्रभर भिजवावी, निथळून ओल्या फडक्यात बांधावी, बारीक पांढरे मोड दिसले की सावलीत वाळवून, हलकी भाजून दळावी आणि पीठ न चाळता वापरावे. हिवाळ्यात मोडांना दीड दिवस लागतो. नागपूरच्या मे महिन्यात मात्र एका दिवसातच मोड येतात आणि त्यापुढे ठेवले तर आंबूस वास येतो, तेव्हा फडके सकाळ-संध्याकाळ उघडून पाहावे. अशा पिठाच्या दोन भाकरींत, म्हणजे शंभर ग्रॅममध्ये, पाचवा हिस्सा धरला तरी ७० मिलिग्रॅम पदरात पडतात.

पाण्याचा विचार सहसा कोणी करत नाही. उन्हाळा संपता संपता कूलरच्या जाळीवर जो पांढरा, टणक थर साचतो, तो बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेटचा असतो, कारण बोअरच्या पाण्यात कॅल्शियम चांगलेच असते. पाण्यातले कॅल्शियम दुधाइतकेच चांगले शोषले जाते. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला ७५ मिलिग्रॅमपर्यंत कॅल्शियम योग्य मानले जाते, पण आरओ यंत्र ते जवळजवळ सगळे काढून टाकते. पाणी तपासून ते मुळातच पिण्याजोगे आढळले, तर आरओची गरज उरत नाही. भाचीच्या घरी तपासणीत लिटरला ४० मिलिग्रॅम निघाले आणि बाकी पाणी सुरक्षित होते. तीन लिटरांतून तिला सुमारे ३५ मिलिग्रॅम मिळू लागले.

सगळे मिळून पाहता, पोळ्या, वरण, पोहे, इतर भाज्या यांतून तिला आधीपासून ४५ मिळत होते. त्यात पालक, चिक्की आणि सत्त्व धरून जुनी बेरीज होती ६५, म्हणजे गरजेचा जेमतेम चौथा हिस्सा. नव्या ताटात दीडशे ग्रॅम मुळ्याचा पाला आहे. त्यातले ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम दोन्ही जेवणांत विभागून घेतले आणि तिसराच हिस्सा धरला, तरी त्याचे ११५ होतात. नाचणी ७०, तीळ ३०, पाणी ३५ आणि बाकीचे ४५ मिळवले की बेरीज २९५. विभागून खाणे इथे महत्त्वाचे आहे, कारण आतड्याच्या सुरुवातीच्या भागातली कॅल्शियम वाहून नेणारी यंत्रणा एका वेळी ठरावीकच ओझे उचलते आणि मात्रा वाढली की शोषणाचा टक्का घसरतो. ही यंत्रणा ड जीवनसत्त्वावर चालते. पहाटे पाचच्या कोवळ्या उजेडात ते त्वचेत तयार होत नाही. आपली सावली आपल्या उंचीहून आखूड असते तेव्हाचे ऊन लागते. म्हणूनच तिने त्याची पातळी तपासून घेतली आणि ती कमी निघाल्यावर डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे औषध सुरू केले.

अडचण येते ती एप्रिलपासून. मुळ्याचा आणि मेथीचा हंगाम सरतो, आणि घाम वाढतो नेमका तेव्हाच. घामाच्या प्रत्येक लिटरमागे साधारण दहा ते ऐंशी मिलिग्रॅम कॅल्शियम जाते. मे महिन्यात सव्वा तास धावून दीड लिटर घाम गेला आणि लिटरला ४० धरले, तर ६० मिलिग्रॅम गेले. हे आधीच शोषलेले कॅल्शियम असते, म्हणून ते भरून काढायला ताटात त्याच्या चौपट, २४० मिलिग्रॅम लागतात. त्यात जेवणातले मीठ जास्त असेल तर आणखी तूट येते, कारण सुमारे सहा ग्रॅम मिठामागे लघवीतून ४० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम बाहेर पडते. मुळ्याच्या जागी ती शंभर ग्रॅम शेवग्याचा पाला खाते, त्याचे मी सावधपणे ६० धरते. बेरीज २४० वर येते आणि घाम वजा करता १८० उरतात. कॅल्शियम घालून घट्ट केलेले टोफू मिळाले तर ती ते खाते, कारण त्याचे शोषण दुधासारखेच होते, मात्र वेष्टनावर कॅल्शियम सल्फेट लिहिले आहे का ते पाहावे लागते. ते न मिळणाऱ्या दिवसांसाठी, मूतखड्याचा इतिहास नाही हे विचारून, डॉक्टरांनी तिला मे आणि जूनपुरती ५०० मिलिग्रॅम कॅल्शियमची कार्बोनेटची एक गोळी दुपारच्या जेवणाबरोबर घ्यायला सांगितली आहे. उपाशीपोटी घेतली तर ती नीट विरघळत नाही. तिच्यातून साधारण १२५ मिलिग्रॅम पदरात पडतात, आणि ऑक्टोबरच्या शेवटी मुळ्याच्या पहिल्या जुड्या बाजारात येईपर्यंत मधल्या महिन्यांत शेवग्यावर भागते.